सत्तर टक्के जिंकणारा संघ

१७ ऑगस्ट २०१९ रोजी मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम हॉटस्पर हे संघ सिटीच्या एतिहाद मैदानावर समोरासमोर आले. प्रीमियर लीगचा नवा मोसम नुकताच सुरू झाला होता. त्या दिवशी सिटीने गोल करण्याचे ३० प्रयत्न केले, टॉटनहॅमने अवघे ३. तरीही सामना २-२ असा बरोबरीत सुटला. टॉटनहॅमच्या लुकास मौराने मैदानात उतरल्या उतरल्या, चेंडूला पहिलाच स्पर्श करून गोल केला. भरपाईच्या वेळेत सिटीच्या गॅब्रिएल जेझुसने तिसरा गोल मारला, स्टेडियम नाचू लागले, आणि व्हिडिओ पंचांनी तो गोल रद्द केला; चेंडू आधी एमेरिक लापोर्तच्या हाताला लागला होता. आदल्या मोसमातल्या ३८ सामन्यांत सिटीने फक्त दोन बरोबऱ्या केल्या होत्या. टॉटनहॅमनेही दोनच.

असा निकाल लागला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक म्हणते, फुटबॉलमध्ये काहीही होऊ शकते, त्यामुळे भाकीत करण्यात अर्थ नाही. दुसरी म्हणते, आम्हाला आधीच वाटत होते. या दोहोंच्या मधली एक वाट संख्याशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत मळून ठेवली आहे. ती ‘सिटी जिंकणार’ असे म्हणत नाही. सिटी जिंकण्याची शक्यता किती, बरोबरीची किती आणि हरण्याची किती, एवढेच सांगते. शिवाय हे तिन्ही आकडे कुठून आले तेही दाखवते. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या फारसे पुढे जात नाही.

या वाटेला नाव मिळाले ते सिमेऑँ द्‍नी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचे. न्यायालयीन निकालांतल्या संभाव्यतेवर त्याने १८३७ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात हे सूत्र आहे. ते खऱ्या अर्थाने गाजवले लाडिस्लाउस फोन बोर्टकीविच याने, १८९८ साली आणि फार विचित्र विषयावर. प्रशियाच्या लष्करात घोड्याची लाथ बसून किती सैनिक दगावतात, याचा हिशेब त्याने मांडला. दहा तुकड्या आणि वीस वर्षे, म्हणजे २०० नोंदी. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीन नोंदींत तीन आणि एकीत चार. सरासरी ०.६१ एवढा एकच आकडा घेऊन प्वासाँच्या सूत्राने काढलेले अंदाज अनुक्रमे १०९, ६६, २०, ४ आणि १ च्या आसपास येतात. घोड्यांना कोणी सूत्र शिकवले नव्हते. संधी पुष्कळ असतील, प्रत्येक संधीत घटना घडण्याची शक्यता अगदी थोडी असेल आणि एक घटना दुसरीला बोलावून आणत नसेल, तर मोजणी या साच्यात बसते.

गोलांचेही बरेचसे तसेच आहे. नव्वद मिनिटांत चेंडू शेकडो वेळा पुढे सरकतो, त्यातून थोडेच फटके निघतात आणि त्यांतले बहुतेक वाया जातात. एखादा संघ सामन्याला सरासरी २.३ गोल करत असेल, तर कोणत्याही एका मिनिटात त्याने गोल करण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास असते. कबड्डीला हा साचा लावून चालणार नाही. तिथे चढाया आलटून पालटून होतात, एकाच चढाईत दोन-तीन गुण मिळू शकतात आणि दोन्ही बाजूंना तीस-तीस गुण होतात. फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतात, म्हणूनच इथे प्वासाँचे चालते.

सुरुवातीला मात्र ते नीट चालत नव्हते. संशोधकांनी सगळ्या संघांचे सगळे सामने एकाच ढिगात टाकून पाहिले, तेव्हा शून्य गोल आणि भरपूर गोल असे दोन्ही प्रकार सूत्राच्या अंदाजापेक्षा जास्त निघाले. १९६८ मध्ये चार्ल्स रीप आणि बर्नार्ड बेंजामिन यांनी वेगळे, अधिक पसरट सूत्र सुचवले. खरी मेख सापडली १९८२ साली. माइक माहर यांनी दाखवून दिले की ढीग करणे हीच चूक होती. प्रत्येक सामन्याची सरासरी वेगळी असते, कारण आक्रमण करणारा संघ वेगळा आणि बचाव करणारा वेगळा. त्यांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आकडा दिला, बचावाचा एक दिला आणि घरच्या मैदानाचा फायदा वेगळा धरला. एवढे केल्यावर प्वासाँचे साधे सूत्र बऱ्यापैकी जुळू लागले. आजची बहुतेक प्रारूपे माहर यांच्याच पायावर उभी आहेत.

आता त्याच एतिहादच्या सामन्याचे गणित मांडून पाहू. नव्या मोसमातला एकेकच सामना झाला असल्याने आधार आदल्या, म्हणजे २०१८-१९ च्या मोसमाचा घ्यावा लागेल. त्या मोसमात ३८० सामन्यांत १०७२ गोल झाले. यजमान संघांनी ५९६ केले, पाहुण्यांनी ४७६. म्हणजे यजमानांची सरासरी सामन्याला १.५७ गोल आणि पाहुण्यांची १.२५. घरच्या मैदानाचा फायदा या दोन आकड्यांच्या फरकातच आला.

सिटीने घरच्या १९ सामन्यांत ५७ गोल केले, म्हणजे सामन्याला बरोबर तीन. लीगची सरासरी १.५७ असताना तीन, म्हणजे सिटीचे घरचे आक्रमण सर्वसाधारण यजमानाच्या १.९१ पट. टॉटनहॅमने परक्या मैदानांवरच्या १९ सामन्यांत २३ गोल खाल्ले, सामन्याला १.२१. इतर पाहुणे सरासरी १.५७ खात होते, तेव्हा टॉटनहॅमचा बचाव ०.७७ पट. बचावाच्या बाबतीत आकडा जितका लहान तितका संघ चांगला, हे लक्षात ठेवायचे. मग सिटीचे अपेक्षित गोल निघतात ते लीगची सरासरी, सिटीचे आक्रमण आणि टॉटनहॅमचा बचाव यांच्या गुणाकारातून: १.५७ × १.९१ × ०.७७. अपूर्णांक न छाटता हिशेब केला की उत्तर येते २.३२.

टॉटनहॅमसाठी हेच उलट्या बाजूने. बाहेर त्यांनी ३३ गोल केले होते, म्हणजे पाहुण्यांच्या सरासरीच्या १.३९ पट. सिटीने मात्र घरी १९ सामन्यांत केवळ १२ गोल खाल्ले होते, सरासरीच्या निम्मे. १.२५ × १.३९ × ०.५० म्हणजे ०.८८ गोल.

इथवर आले की अनेक जण थांबतात आणि ‘२.३ विरुद्ध ०.९, म्हणजे २-१’ असे जाहीर करून मोकळे होतात. पण सरासरी म्हणजे निकाल नव्हे. २.३२ सरासरी असलेला संघ कधी कोरडा परततो, कधी पाच गोल ठोकतो. ते किती वेळा होईल, हे सांगणे प्वासाँचे काम.

त्याची साखळी सोपी आहे. एकही गोल न होण्याची शक्यता आधी काढायची: e ही २.७१८ च्या आसपासची संख्या घ्यायची, तिचा २.३२ वा घात काढायचा आणि त्याने १ ला भागायचे. उत्तर ९.८ टक्के. त्याला २.३२ ने गुणले की एका गोलाची शक्यता मिळते, २२.८ टक्के. तिला पुन्हा २.३२ ने गुणून २ ने भागले की दोन गोलांची, २६.५ टक्के. पुन्हा गुणून ३ ने भागले की तीन गोलांची, २०.५ टक्के. पुढे ४, ५ असे भागत जायचे. टॉटनहॅमसाठी ०.८८ घेऊन हीच साखळी चालवली की शून्य गोलांना ४१.५ टक्के, एकाला ३६.५, दोनाला १६ आणि तिनाला ४.७ टक्के मिळतात. स्प्रेडशीटमध्ये हे सारे एका ओळीत होते:

```
=POISSON.DIST(2,2.32,FALSE)
```

यातला पहिला आकडा म्हणजे किती गोल, दुसरा म्हणजे सरासरी.

आता एक तक्ता आखायचा. उभ्या बाजूला सिटीचे गोल, आडव्या बाजूला टॉटनहॅमचे, आणि प्रत्येक चौकटीत दोन शक्यतांचा गुणाकार. २-० च्या चौकटीत २६.५ टक्के गुणिले ४१.५ टक्के, म्हणजे ११ टक्के. २-१ च्या चौकटीत ९.७, १-० मध्ये ९.५, १-१ मध्ये ८.३. तक्त्याच्या कर्णावर ०-०, १-१, २-२ अशा बरोबरीच्या चौकटी येतात. कर्णाच्या एका बाजूला सिटीचे विजय, दुसऱ्या बाजूला टॉटनहॅमचे. तीन भागांची बेरीज केली की सिटी जिंकण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, बरोबरीची १८ आणि टॉटनहॅमच्या विजयाची १२ टक्क्यांहून थोडी जास्त.

या तक्त्यात सर्वांत जास्त शक्यता असलेला निकाल २-० आहे आणि त्यालाही फक्त ११ टक्के आहेत. अचूक गोलसंख्या सांगणारे तज्ज्ञ दहापैकी नऊ वेळा का चुकतात, याचे उत्तर इथेच मिळते. प्रत्यक्ष लागलेल्या २-२ या निकालाच्या चौकटीत ४.२ टक्के होते. तेवीस-चोवीस सामन्यांत एकदा, म्हणजे आश्चर्य वाटावे असा, पण चमत्कार म्हणता येणार नाही असा निकाल.

आकडे इतके नेटके दिसले की त्यांच्यावर जरुरीपेक्षा जास्त विश्वास बसतो. म्हणून ते कुठे कच्चे आहेत हे तपासायला हवे. सिटीने घरी १२ गोल खाल्ले, हा आकडा १९ सामन्यांचा आहे. अशा मोजणीत नशिबाने होणारी चढउतार ढोबळपणे त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे इथे साडेतीन. तोच संघ तसाच खेळून ९ गोल खाऊ शकला असता किंवा १५. म्हणून बरेच जाणकार घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे करत नाहीत. संघाचे सगळे ३८ सामने धरून ताकद काढतात आणि मैदानाचा फायदा लीगच्या पातळीवर एकदाच लावतात. तसे केले तर सिटीचे अपेक्षित गोल २.३२ वरून २.०२ वर उतरतात आणि टॉटनहॅमचे ०.८८ वरून ०.६७ वर. गंमत अशी की विजय, बरोबरी, पराभव यांचे वाटप तरीही ६९, २० आणि ११ असेच राहते. दोन्ही आकडे एकत्र खाली आले, त्यामुळे कोण जिंकेल याचे उत्तर फारसे हलले नाही. पण सामन्यात एकूण किती गोल होतील याचे उत्तर ३.२ वरून २.७ वर आले. प्रारूपाला कोणता प्रश्न विचारतो यावर त्याचा भरवसा ठरतो.

भागाकाराची ही पद्धत जमते, कारण पूर्ण मोसमात प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळलेला असतो. डिसेंबरात तसे नसते. एखाद्या संघाच्या वाट्याला तोवर सगळे तळाचे प्रतिस्पर्धी आलेले असू शकतात आणि त्याचे आक्रमण उगाच फुगलेले दिसते. अशा वेळी वीस संघांचे चाळीस आकडे आणि मैदानाचा फायदा हे सगळे एकदम शोधावे लागतात, प्रत्यक्षात लागलेले निकाल ज्यांच्या आधारे सर्वांत स्वाभाविक ठरतील असे. ते काम संगणक क्षणात करतो.

माहर यांच्यानंतरची मोठी सुधारणा १९९७ ची. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांना दिसले की साधे प्रारूप कमी गोलांच्या सामन्यांत चुकते. दोन्ही संघांचे गोल एकमेकांशी संबंध नसल्यासारखे धरून आपण शक्यता गुणतो, पण मैदानात संबंध असतो. १-१ असताना शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही संघ एकेका गुणावर समाधान मानू शकतात. त्यांनी फक्त चार चौकटींना हात लावला: ०-० आणि १-१ थोड्या वाढवल्या, १-० आणि ०-१ थोड्या कमी केल्या. रचना अशी की तक्त्याची एकूण बेरीज शंभर टक्केच राहते. दुरुस्तीचा आकडा उणे ०.१ धरला, तर आपल्या सामन्यातली बरोबरी १७.७ वरून १९.४ टक्क्यांवर जाते. मात्र ही दुरुस्तीही अनेक मोसमांवरून काढावी लागते. २०१८-१९ मध्ये ३८० पैकी केवळ ७१ सामने बरोबरीत सुटले. तेवढाच मोसम पाहणाऱ्याला बरोबरी वाढवण्याची कल्पनाच सुचली नसती.

डिक्सन आणि कोल्स यांनी दुसरी गोष्ट केली ती जुन्या सामन्यांचे वजन हळूहळू घटवण्याची. त्यांच्या आकड्यांनुसार साधारण वर्षापूर्वीच्या सामन्याला आजच्या सामन्याच्या निम्मी किंमत उरते. संघ बदलतात, प्रशिक्षक जातात, तेव्हा हे रास्तच आहे. तरी वरच्या श्रेणीत नव्याने आलेल्या संघांचा प्रश्न सुटत नाही. २०१९ मध्ये नॉर्विच, शेफील्ड युनायटेड आणि ॲस्टन व्हिला बढती मिळवून आले. प्रीमियर लीगमधली त्यांची ताजी कामगिरी शून्य. साधारणतः अशा संघांना खालच्या श्रेणीतल्या आकड्यांवरून किंवा आधीच्या नवागतांच्या सरासरीवरून ताकद दिली जाते. त्या मोसमाअखेर शेफील्ड नववा आला आणि नॉर्विच विसावा. आणि याच नॉर्विचने सप्टेंबरात सिटीला ३-२ असे हरवले.

सूत्र खरोखर कोलमडते ते सामन्याच्या मधेच खेळ बदलतो तेव्हा. २५ ऑक्टोबर २०१९ रोजी लेस्टरने साउदॅम्पटनला त्यांच्याच मैदानावर ९-० असे धुतले. बाराव्या मिनिटाला साउदॅम्पटनचा एक खेळाडू लाल कार्ड पाहून बाहेर गेला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्यांना पुन्हा ९-० ने हरवले. त्या वेळी लाल कार्ड दुसऱ्याच मिनिटाला निघाले. दहा जणांच्या संघाची सरासरी ही अकरा जणांची सरासरी नसते, आणि पाच गोल खाल्लेला संघ आधीसारखा बचाव करत नाही. सामन्यापूर्वी काढलेल्या एका आकड्यात हे मावणे शक्य नाही.

घरच्या मैदानाचा फायदाही कायमचा नाही. करोनाच्या काळात, २०२०-२१ च्या मोसमात बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. त्या वेळी प्रीमियर लीगमध्ये यजमानांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. आपल्याकडे त्याच मोसमात इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यात झाले: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. कागदावर एक संघ यजमान असायचा, पण केरळचा असो वा बंगळूरचा, तो हॉटेलातून येऊन प्रेक्षकांविना खेळायचा. त्या मोसमाच्या गणितात यजमानाला जुन्या सवयीने जास्तीचे गोल देणारा फसणारच. अशा वेळी हा फायदा शून्याजवळ धरूनच सुरुवात करायला हवी.

मग एवढ्या उणिवा असताना प्रारूप चांगले आहे की वाईट, हे ठरवायचे कसे? एका २-२ वरून तर नाहीच. सत्तर टक्के म्हणणे म्हणजे तीस टक्के वेळा उलटे होईल, हे आधीच सांगणे. ज्या सामन्यांत प्रारूपाने एखाद्या संघाला सत्तरच्या आसपास दिले, असे सगळे सामने बाजूला काढायचे आणि त्यांतले खरेच सुमारे सत्तर टक्के जिंकले का, ते पाहायचे. नव्वद टक्के जिंकले असतील तरीही प्रारूप चुकीचेच, कारण ते गरजेपेक्षा भित्रे ठरले. दुसरी कसोटी आळशी भाकिताशी तुलना करण्याची. २०१८-१९ मध्ये यजमान ४८ टक्के सामने जिंकले, १९ टक्के बरोबरीत सुटले आणि ३४ टक्के पाहुण्यांनी जिंकले. प्रत्येक सामन्याला डोळे झाकून हेच तीन आकडे देणाऱ्या माणसाला ज्याचे प्रारूप हरवू शकत नाही, त्याने ते फेकून द्यावे.

अलीकडे गोलांऐवजी संधींची गुणवत्ता मोजून ताकद काढण्याची पद्धत रुळली आहे. प्रत्येक फटका कुठून, कसा मारला यावरून त्याचे गोलात रूपांतर होण्याची शक्यता ठरवतात आणि त्यांची बेरीज करतात. तीस प्रयत्न विरुद्ध तीन प्रयत्न हा फरक २-२ या निकालात दिसत नाही, या बेरजेत तो दिसतो. पुढचा तक्ता आणि प्वासाँची साखळी मात्र तशीच राहते.

डिक्सन आणि कोल्स यांच्या निबंधाच्या शीर्षकातच सट्टाबाजारातल्या त्रुटींचा उल्लेख होता आणि त्या काळी त्या त्यांना सापडल्याही. आज असे गणित भाव ठरवणाऱ्यांच्या संगणकात चोवीस तास चालू असते, शिवाय प्रत्येक भावात त्यांचा नफा आधीच मिसळलेला असतो. वर मांडलेला तक्ता घेऊन त्यांच्याशी पैज लावायला जाऊ नये. हौसेने करून पाहायचे असेल, तर मागच्या मोसमाचे निकाल फुकट उपलब्ध आहेत आणि एक स्प्रेडशीट पुरते. फक्त टक्केवारी सामना सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावी आणि किमान शंभर सामने होईपर्यंत स्वतःची पाठ थोपटू नये.